प्रॉडक्ट इमेज शार्प येते पण खरी वाटत नाही: गायडन्स आणि स्टेप्सपैकी नेमकं काय बिघडलंय ते कसं शोधायचं

ही अडचण सारखी येते. प्रॉडक्टची इमेज जनरेट केली, थंबनेलमध्ये एकदम कडक दिसते, पण मोठी करून बघितली की काच काचेसारखी वाटत नाही, धातूवर चकाकीच्या जागी पांढरे सपाट डाग असतात, कडेने बारीक काळी रेघ ओढल्यासारखी दिसते आणि सावली डांबरासारखी काळी. मग पुढे काय होतं तर अजून डिटेल हवं म्हणून गायडन्स स्केल वाढवला जातो, स्टेप्स 30 च्या 60 केल्या जातात, प्रॉम्प्टमध्ये `8k, ultra sharp, highly detailed` येतं, आणि इमेज अजूनच खोटी दिसायला लागते, वर वेळ दुप्पट लागतो तो वेगळाच.

उत्तर आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे: गायडन्स वाढवून जी शार्पनेस मिळते ती बहुतेक वेळा डिटेल नसते, कॉन्ट्रास्ट असतो. आणि स्टेप्स एका मर्यादेपुढे वाढवल्या की काहीच मिळत नाही. त्यामुळे आधी गायडन्स खाली आणायचा आणि मगच स्टेप्सकडे बघायचं, याच क्रमाने, उलटं केलं तर कशामुळे काय बदललं ते कळतच नाही.

गायडन्सने इमेज जळते ती का

प्रत्येक स्टेपला इमेजमधल्या नॉइजचा मॉडेल दोनदा अंदाज काढतं, एकदा तुमचा प्रॉम्प्ट धरून आणि एकदा तो न धरता (निगेटिव्ह प्रॉम्प्ट दिला असेल तर तो धरून). मग या दोन अंदाजांमधला फरक घेऊन त्याला गायडन्स स्केलने गुणतात:

```
noise = uncond + scale * (cond - uncond)
```

स्केल 1 असेल तर uncond कटून जातं आणि फक्त प्रॉम्प्टचा अंदाज उरतो. स्केल 7 म्हणजे तो फरक सातपट करून पुढे ढकलला. इथेच गोम आहे. मॉडेलने स्वतः जेवढं सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पुढे आपण त्याला नेतोय, तेही प्रत्येक स्टेपला, त्यामुळे स्केल फार झाला की व्हॅल्यूज ट्रेनिंगमध्ये कधी आल्याच नव्हत्या अशा रेंजमध्ये जातात. गूगलच्या इमॅजेन मॉडेलच्या 2022 च्या पेपरमध्ये हे स्पष्ट मांडलंय आणि त्यावर उपाय म्हणून व्हॅल्यूज परत रेंजमध्ये दाबायची एक पद्धतही दिलीय. आपल्याला डोळ्यांना ते असं दिसतं: रंग भडक, उजेड फाटलेला, काळं गच्च काळं, आणि दोन रंग भेटतात तिथे कड कापल्यासारखी.

आता शार्पनेसचा भास कुठून येतो ते बघा. डोळ्याला कडेचा कॉन्ट्रास्ट वाढला की वस्तू शार्प वाटते. गायडन्स नेमकं तेच करतो, म्हणून 12 वर काढलेली इमेज लहान आकारात 5 वरच्यापेक्षा जास्त ठसठशीत वाटते आणि माणूस फसतो. पण पृष्ठभागाची जी बारीक वळणं असतात, म्हणजे काचेवर उजेड हळूहळू विरत जातो किंवा मॅट कागदाचा किंचित खरखरीतपणा, ते सगळं या ढकलाढकलीत चिरडलं जातं. प्रॉडक्ट फोटो खरा वाटतो तो याच हळूहळू बदलणाऱ्या भागांमुळे.

`8k, ultra sharp` वगैरेचा त्रासही यातूनच येतो. तो फरक तुमच्या प्रॉम्प्टमधल्या सगळ्या शब्दांचा असतो, त्यामुळे वस्तूबरोबर हे शब्दही तेवढ्याच पटीने वाढतात. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये `blurry` टाकणं तर त्याहून जास्त नुकसान करतं असं माझं ठाम मत आहे. खऱ्या प्रॉडक्ट फोटोत मागचा भाग थोडा धूसर असतो, लेन्सच तशी असते, आणि तुम्ही मॉडेलला मोठ्या स्केलवर धूसरपणापासून लांब ढकलताय, म्हणजे मागची भिंत, बाजूची पानं, खालचा दगड सगळंच समोरच्या बाटलीइतकं टोकदार होतं. मग इमेज थ्रीडी रेंडरसारखी दिसते आणि कारण काय ते कळत नाही. निगेटिव्हमध्ये `text, watermark` एवढं ठेवा आणि `blurry` काढून बघा, बऱ्याचदा एवढ्यानेच निम्मा खोटेपणा जातो.

आधी तपासा, मग बदला

सीड फिक्स करा. हे केलं नाही तर पुढचं सगळं वाया, कारण दर वेळी वेगळी बाटली येणार आणि तुम्ही सेटिंगची तुलना न करता दोन वेगळ्या इमेजची तुलना करत बसणार.

मग इमेज 100 टक्के झूमला उघडा आणि प्रॉडक्टचा भाग सिलेक्ट करून फक्त त्याचा हिस्टोग्राम बघा, प्रत्येक चॅनेलचा वेगळा. पूर्ण इमेजचा बघू नका, पांढऱ्या बॅकग्राउंडवरच्या इमेजमध्ये 255 ला मोठा खांब असणारच आणि तो बरोबरच आहे. प्रॉडक्टच्या आत एखादा चॅनेल मोठ्या भागात 255 ला किंवा 0 ला चिकटलेला असेल तर रंग क्लिप झालाय. चकाकीवर पिकर फिरवा. खरी चकाकी मधे पांढरी असते आणि कडेला उतरत जाते, 255 वरून 240, 220 अशी. जळालेली चकाकी म्हणजे 255 चा सपाट तुकडा आणि लगेच शेजारी रंग.

तिसरी खूण कडेची. प्रॉडक्टच्या बाह्यरेषेला लागून एक गडद आणि एक फिकट अशी जोडी दिसते का, तशीच जशी फोटो एडिटरमध्ये शार्पन जास्त झाल्यावर येते. ती असेल तर गायडन्स जास्त आहे, स्टेप्सशी तिचा संबंध नाही.

एक केस पूर्ण बघू

समजा गडद तपकिरी काचेची ड्रॉपर बाटली आहे, पुढे मॅट कागदाचं कोरं लेबल, खाली करडा दगड, डावीकडून सॉफ्टबॉक्सचा उजेड. मॉडेल एसडीएक्सएल, साइज 1024 बाय 1024, सॅम्पलर `DPM++ 2M Karras`, गायडन्स 12, स्टेप्स 60. तपकिरी काच नारिंगी झालीय, लाल चॅनेल 255 ला आणि निळा 0 ला बसलाय, डाव्या बाजूची चकाकी म्हणजे पांढरी पट्टी चिकटवल्यासारखी, लेबलला कागदाचा पोत नाही, आणि दगडाचा रवा पुढे मागे सगळीकडे सारखाच कुरकुरीत.

पहिलं काम, बाकी काही न बदलता गायडन्स 12 वरून 9, 7, 5, 3 असा खाली आणत जायचा. ऑटोमॅटिक1111 मध्ये `X/Y/Z plot` स्क्रिप्ट घेऊन एका अक्षावर `CFG Scale` ठेवला की एकाच शीटवर सगळं येतं. या बाटलीचं साधारण असं होतं: 9 वर नारिंगीपणा कमी होतो पण चकाकी अजून सपाटच. 7 वर कडेची काळी रेघ बरीच जाते. 5 वर काचेत खोली येते, म्हणजे बाटलीच्या आतली मागची भिंत जाणवायला लागते आणि चकाकी कडेला विरते. 3 वर काच अजून छान पण आता मॉडेल ऐकत नाही, ड्रॉपरचं रबर वेगळ्याच आकाराचं होतं, दगडाच्या जागी लाकडासारखं काहीतरी येतं.

म्हणजे हवा तो आकडा 3 आणि 5 च्या मधे किंवा 5 च्या आसपास आहे. इथे मी कायम एकच नियम लावतो: प्रॉम्प्टमधल्या सगळ्या वस्तू जागेवर राहतात असा सगळ्यात कमी गायडन्स शोधायचा आणि तिथेच थांबायचं, वरून "अजून थोडं" करायचं नाही. 4.5 वर दगड टिकत असेल तर 4.5. टिकत नसेल तर आधी प्रॉम्प्ट सुधारा, दगडाबद्दल नीट लिहा, फालतू विशेषणं काढा, उजेड कुठून येतोय ते लिहा. गायडन्स वाढवून प्रॉम्प्टची ढिलाई झाकता येते खरी, पण त्याची किंमत काच आणि धातू देतात. मॅट वस्तू, कापड, कागद, न चमकणारं प्लास्टिक हे 7 पर्यंत बरंच सहन करतं. काच, पॉलिश केलेला धातू, द्रव आणि त्वचा लगेच बिघडतात.

गायडन्स 5 ला आला, आता स्टेप्स. तोच सीड ठेवून 12, 20, 28, 40 आणि 60 काढा. 12 वर लेबलची कड जरा लुळी, दगडात अर्धवट ठिपके, म्हणजे काम पूर्ण झालेलं नाही. 20 वर जवळजवळ झालं. 28 आणि 60 शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत. तरी शंका असेल तर दोन्ही इमेज एडिटरमध्ये एकावर एक ठेवा आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड डिफरन्स करा. जवळजवळ पूर्ण काळं दिसलं तर सॅम्पलर पोचलाय, पुढच्या स्टेप्स म्हणजे नुसता वेळ. कडा चमकत असतील तर अजून थोड्या वाढवायला हरकत नाही. या बाटलीसाठी 28 पुरे, आणि 60 च्या तुलनेत वेळ निम्म्याहून कमी.

आधी गायडन्स आणि मगच स्टेप्स असं म्हटलं ते का ते आता सांगता येईल. गायडन्स जास्त असताना सॅम्पलरचा रस्ता जास्त वळणांचा होतो, वेगवान सॅम्पलर तिथे अडखळतात, म्हणून 12 वर 20 स्टेप्समध्ये चट्टे किंवा विचित्र नक्षी दिसते आणि लोकांना वाटतं स्टेप्स कमी पडल्या. काही अंशी ते खरंही असतं. पण गायडन्स 5 ला आणला की तीच इमेज 20 ते 28 मध्ये स्वच्छ येते. 2022 मध्ये आलेला डीपीएम सॉल्व्हर प्लस प्लस हा सॅम्पलर मुळात याच अडचणीसाठी, म्हणजे मोठ्या गायडन्सवर कमी स्टेप्समध्ये स्थिर राहावं म्हणून बनवलेला आहे, तरी त्यालाही मर्यादा आहेच.

एक मोठा अपवाद मात्र लक्षात ठेवा. हा डिफरन्सचा प्रयोग `Euler a` किंवा नावात तसाच सुटा a असलेल्या, आणि `SDE` असलेल्या सॅम्पलरवर चालत नाही. ते प्रत्येक स्टेपला नवा नॉइज टाकतात, त्यामुळे स्टेप्स बदलल्या की इमेजच बदलते, 30 ला एक ड्रॉपर आणि 40 ला दुसरा. "स्टेप्स वाढवल्यावर बाटलीचा आकार बदलला" हा घोळ बहुतेक याच सॅम्पलरचा असतो. प्रॉडक्टचा आकार कायम राहायला हवा अशा कामाला `DPM++ 2M Karras` किंवा साधा `Euler` घ्या.

डिफ्यूझर्स लायब्ररी वापरत असाल तर शेवटची सेटिंग साधारण अशी:

```python
image = pipe(
    prompt=prompt,
    negative_prompt="text, watermark",
    num_inference_steps=28,
    guidance_scale=5.0,
    generator=torch.Generator("cuda").manual_seed(4127),
).images[0]
```

प्रॉम्प्ट ऐकवायचाच असेल आणि गायडन्स खाली आणता येत नसेल तर

कधी कधी मांडणी अशी असते की 7 किंवा 8 खाली गेलं की वस्तू हरवतातच. अशा वेळी `guidance_rescale` वापरा, कम्फीयूआयमध्ये त्यासाठी `RescaleCFG` नोड आहे. ही पद्धत 2023 च्या एका पेपरमधली आहे, कल्पना सोपी आहे: गायडन्स लावल्यावर जो पसारा वाढतो, म्हणजे व्हॅल्यूजचं स्टँडर्ड डेव्हिएशन, ते परत प्रॉम्प्टच्या साध्या अंदाजाएवढं आणायचं आणि दोन्हीचं मिश्रण घ्यायचं. 0.7 पासून सुरुवात करा. चकाकी परत विरायला लागते, पण फार वर नेलं तर इमेज करडी आणि मेलेली दिसते, काळ्यातला जीव जातो. म्हणून हा दुसरा उपाय, पहिला नाही.

इमेज खरंच मऊ येत असेल तर

वरचं सगळं खोट्या शार्पनेसबद्दल झालं. उलटी तक्रारही असते, गायडन्स 5 आहे, स्टेप्स 30 आहेत आणि तरी धूसर. इथे परत दोन्ही स्लायडर ओढायच्या आधी दोन गोष्टी बघा.

पहिली साइज. एसडीएक्सएल 1024 च्या आसपास ट्रेन झालंय, त्याला 512 वर चालवलं तर कितीही स्टेप्स द्या, ते नीट येणार नाही.

दुसरी गोष्ट इमेज टू इमेजमध्ये लपलेली असते आणि खूप जणांना अडकवते. तुमच्याकडे प्रॉडक्टचा फोटो आहे, त्यावर स्ट्रेंग्थ 0.3 ठेवून बॅकग्राउंड सुधारताय आणि स्टेप्स 30 दिल्यात. डिफ्यूझर्समध्ये प्रत्यक्षात 30 गुणिले 0.3 म्हणजे 9 च स्टेप्स चालतात, ऑटोमॅटिक1111 पण आपल्या मूळ सेटिंगमध्ये असंच कमी करतं. 9 स्टेप्समध्ये पृष्ठभाग अर्धवट राहतो आणि आपण समजतो मॉडेलच तसं आहे. इथे स्टेप्स 80 ते 100 करणं बरोबर आहे, कारण चालणार 24 ते 30 च. कम्फीयूआयच्या `KSampler` चं गणित वेगळं आहे, तिथे denoise 0.3 असलं तरी दिलेल्या 20 स्टेप्स पूर्ण चालतात, म्हणून एका प्रोग्रॅममधले आकडे दुसऱ्यात तसेच उचलून टाकले की निकाल जुळत नाही. दुसऱ्या कुणाची सेटिंग घेताना ती कुठल्या प्रोग्रॅममधली आहे हे आधी विचारा.

लेबलवरची बारीक अक्षरं मात्र या दोन्ही स्लायडरने कधीच सुधारणार नाहीत. एसडीएक्सएलमध्ये इमेज आठपट लहान केलेल्या लेटंटमध्ये घडते, 1024 ची इमेज आत 128 बाय 128 असते, आणि काही पिक्सेल उंचीची अक्षरं तिथे मावतच नाहीत. गायडन्स वाढवला तर तीच गिचमिड ठळक होते एवढंच. विकायच्या वस्तूच्या इमेजमध्ये लेबल चुकीचं असणं चालतच नाही, तेव्हा लेबल कोरं जनरेट करा आणि खरी आर्टवर्क फाइल एडिटरमध्ये वर बसवा, किंवा खऱ्या फोटोतलं प्रॉडक्ट मास्क करून फक्त आजूबाजूचं जनरेट करा.

आणि अजून पिक्सेल हवे असतील तर ते दुसऱ्या पासमध्ये मिळवा. 1024 ची इमेज दीडपट किंवा दुप्पट करून 0.25 ते 0.35 स्ट्रेंग्थवर परत चालवा आणि या पासला गायडन्स पहिल्यापेक्षा थोडा कमीच ठेवा, मांडणी आता ठरलेली आहे, मॉडेलला ओढायची गरज नाही. एडिटरमधलं शार्पन सगळ्यात शेवटी, अंतिम साइजला आणल्यावर.

मॉडेलच वेगळ्या जातीचं असेल तर हे आकडे विसरा

4 स्टेप्स आणि गायडन्स 5 वर इमेज पूर्ण जळून येत असेल तर तुम्ही बहुधा टर्बो किंवा लाइटनिंग चेकपॉइंट चालवताय, किंवा तसला लोरा लावलेला राहून गेलाय. एसडीएक्सएल टर्बो 1 ते 4 स्टेप्स आणि `guidance_scale=0.0` वर चालवायचं असतं, कम्फीयूआयमध्ये तेच cfg 1 होतं. एलसीएम लोराला 4 ते 8 स्टेप्स आणि 1 ते 2 गायडन्स. यात निगेटिव्ह प्रॉम्प्टचा परिणाम होत नाही किंवा फार थोडा होतो, त्यामुळे त्यात लांबलचक यादी लिहून उपयोग नाही.

फ्लक्स डेव्हमध्ये गोंधळ वेगळाच आहे. तिथे गायडन्स मॉडेलच्या आतच शिकवलेला आहे, `FluxGuidance` मध्ये जो आकडा टाकता तो मॉडेलला इनपुट म्हणून जातो, वरचा गुणाकार होतच नाही. म्हणून `KSampler` चा cfg 1 ठेवायचा आणि फक्त फ्लक्सचा गायडन्स हलवायचा. नेहमीचा 3.5 आहे, पण प्रॉडक्टसोबत हात किंवा चेहरा असेल आणि त्वचा मेणासारखी दिसत असेल तर 2 ते 2.5 वर आणून बघा, पोत परत येतो, बदल्यात मांडणीवरची पकड थोडी सुटते. cfg चुकून 7 राहिला असेल तर इमेज लगेच करपलेली दिसेल आणि वेळही जवळजवळ दुप्पट लागेल, कारण आता प्रत्येक स्टेपला दोन अंदाज काढले जातायत. वेळ अचानक वाढला तर हे पहिलं तपासा.

पूर्ण कॅटलॉग करत असाल तर अजून एक गोष्ट. गायडन्स बदलला की शार्पनेसच नाही तर रंग आणि कॉन्ट्रास्टही सरकतो, म्हणजे काचेची बाटली 4.5 वर आणि तिचंच खोकं 7 वर काढलं तर शेजारी ठेवल्यावर दोघांचे ब्रँड कलर जुळत नाहीत. सगळ्यात नाजूक वस्तूला जो आकडा लागतो तो आधी शोधा, आणि बाकीच्या वस्तूंचे प्रॉम्प्ट त्या आकड्यावर बसेपर्यंत सुधारत रहा.